फोटोतला निळा बोर्ड आर्डुइनोच असतो का?

बोर्डीतल्या एका विज्ञान प्रदर्शनातला फोटो पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. विषय अगदी इथलाच: चिकूच्या वाडीला गरजेपुरतं पाणी. थर्माकोलवर मातीच्या दोन कुंड्या, छोटा पंप आणि मध्ये वायरींचा गुंता. खाली ओळ: ‘आर्डुइनो आणि चार सेन्सर.’ मागोमाग त्याचा प्रश्न, ‘काका, असंच बनवायचंय, काय काय आणू?’

त्या ओळीवर विसंबून सामान आणलं असतं, तर निम्मं चुकलं असतं.

पहिला गैरसमज बोर्डाचा. निळा, तळहाताएवढा, दोन्ही कडांना काळ्या सॉकेटच्या रांगा, म्हणजे आर्डुइनो उनो, असं बहुतेक जण धरून चालतात. पण रंग कोणीही देतो, आणि उनोचा आराखडा खुला असल्याने त्याच मापाचे बोर्ड बरेच जण बनवतात. उनो आर3 ओळखायचा तो यूएसबीच्या सॉकेटवरून (प्रिंटरला असतं तसं चौकोनी, चकचकीत) आणि 28 पायांच्या लांबट काळ्या चिपवरून. स्वस्त नकलांत ही चिप चपटी, चौकोनी असते, सॉकेटही कधी छोटं असतं. म्हणून तिसरी खूण जास्त भरवशाची: अ‍ॅनालॉग पिना मोजा. उनोवर `A0` ते `A5` अशा सहा असतात.

पुतण्याच्या फोटोत एकच `A0` होती. यूएसबीचं सॉकेट जुन्या मोबाइलच्या चार्जरसारखं बारीक, आणि कडेला पत्र्याची चंदेरी डबी, तिच्या पुढे तांब्याची नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे वायफायचा अँटेना. हा वीमॉस डी1, उनोच्या अंगरख्यातला ईएसपी 8266. प्रोग्राम आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून जातो, त्यामुळे मुलं त्याला बिनधास्त आर्डुइनो म्हणतात.

नावाने काय बिघडतं? उनोसाठी लिहिलेली ही ओळ घ्या:

```
digitalWrite(2, HIGH);
```

उनोवर ती 2 क्रमांकाच्या पिनेवर जाते. वीमॉस डी1 आर2 वर मात्र 2 हा चिपचा अंतर्गत क्रमांक आहे, आणि तो बोर्डावर छापलेल्या `D4` जवळ निघतो. वायर `D2` मध्ये असेल तर पंप हलत नाही. उलट बोर्डावरचा बारीक निळा दिवा मात्र विझतो. शिवाय उनोच्या पिना 5 व्होल्टच्या, ह्याच्या 3.3 च्या.

आता ‘चार सेन्सर’. त्यातला एक निळा ठोकळा, शेजारी स्क्रूची तीन भोकं. तो रिले. तो काही मोजत नाही, सांगितलं की पंपाची वायर जोडतो-तोडतो. दुसरा आणखी एक निळा ठोकळा, पण छोटा आणि जाळीदार: डीएचटी 11, हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजणारा. पांढरा आणि थोडा मोठा असता तर डीएचटी 22, जो जास्त अचूक.

उरलेले दोन बघताना लोक हमखास फसतात. फोटोत बोर्डाजवळ दोन सारख्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर आठ पायांची चिप आणि स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा निळा चौकोन. ह्या पट्टीलाच ‘सॉइल सेन्सर’ म्हणतात. पण ती फक्त तुलना करते. हुबेहूब तशी पट्टी पावसाच्या सेन्सरलाही येते. म्हणून नाव पट्टी बघून द्यायचं नाही, वायरीचं दुसरं टोक शोधायचं. इथे एक वायर मातीत रोवलेल्या दुबोटी काट्याकडे जात होती: तो मातीच्या ओलाव्याचा. दुसरी आडव्या ठेवलेल्या, कंगव्यासारख्या रेघांच्या पत्र्याकडे: तो पावसाचा. म्हणजे कुंड्या दोन, पण ओलावा एकाच कुंडीचा मोजला जात होता!

काटा मोठा करून पाहिला तर एक बोट काळं-हिरवं पडलेलं. ओल्या मातीतून सतत वीज गेली की तांबं झिजतं, म्हणजे हा रोधावर चालणारा प्रकार. दुसरा, कपॅसिटिव्ह, अखंड काळ्या पात्यासारखा असतो; त्याचं तांबं उघडं नसतं आणि वेगळी पट्टीही लागत नाही. वाडीत महिनोन्‌महिने ठेवायचा तर तोच घ्यावा, फक्त वरचं, सुटे भाग असलेलं टोक ओलं होऊ देऊ नये.

फोटोची एक मर्यादा सांगून ठेवतो. वायू ओळखणारे एमक्यू 2 आणि एमक्यू 135 दोन्ही जाळीच्या गोल चंदेरी टोपीचे, समोरून जुळे. छापलेला क्रमांक दिसला नाही तर नाव घालू नये.

पुतण्याला एवढंच कळवलं: ‘वीमॉस डी1, डीएचटी 11, रिले, कपॅसिटिव्ह पातं एक. दुसऱ्या कुंडीलाही पातं हवं असेल तर खरा उनो आण, ह्याच्याकडे `A0` एकच आहे.’ उत्तर आलं, ‘मग पावसाचा कशाला लावला होता त्यांनी?’ तो प्रश्न त्याने प्रदर्शनातच विचारायला हवा होता.