हशा नेमका कधी सुरू होतो?

१९३५ साली ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू होण्याआधी निर्माते आयर्विंग थालबर्ग यांनी मार्क्स बंधूंना अमेरिकेतल्या नाट्यगृहांच्या दौऱ्यावर पाठवलं. चित्रपटातले विनोदी प्रसंग आधी खऱ्या प्रेक्षकांसमोर करून पाहायचे, कोणत्या वाक्याला लोक हसतात आणि किती वेळ हसतात ते टिपायचं, आणि त्या हिशेबाने पडद्यावर मोकळी जागा सोडायची, असा बेत होता. चित्रपटगृहातला नट थांबू शकत नाही. हशा चालू असताना तो पुढचं वाक्य बोलून गेला, की ते वाक्य वाया गेलंच म्हणायचं.

तेव्हा हातात घड्याळ आणि कागद-पेन्सिल असायची. आज स्टँडअप कॉमेडीचा दहा मिनिटांचा सेट संगणकावर उघडून त्यातला प्रत्येक सेटअप, प्रत्येक पंच आणि प्रत्येक हशा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येतो. साधन फुकट मिळतं: ऑडॅसिटी नावाचा ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम. आवाजाच्या लहरीवर माउसने एक तुकडा निवडायचा, Ctrl+B दाबायचं आणि त्या तुकड्याला नाव द्यायचं. भाषाशास्त्राचे अभ्यासक याच कामासाठी ‘प्रात’ किंवा ‘एलान’ वापरतात. पहिलं अ‍ॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठात घडलं, दुसरं नेदरलंड्समधल्याच नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेत. साधन कोणतंही घ्या, खरी कसोटी लागते ती खुणेची रेघ नेमकी कुठे ओढायची हे ठरवताना.

समजण्यासाठी एक छोटा किस्सा रचून घेऊ. त्यातली वेळाही उदाहरणादाखल आहे. कलाकार म्हणतो: “आमच्या सोसायटीत लिफ्टपाशी नोटीस लागलीय, दुरुस्तीसाठी लिफ्ट तीन दिवस बंद राहील. तारीख बघितली, दोन हजार एकोणीसची.” लोक हसतात. हशा ओसरत असताना तो जोडून देतो: “सेक्रेटरींनी परवा ती लॅमिनेट करून घेतली.” लोक पुन्हा हसतात, आणि या वेळी जास्त.

पहिलं वाक्य सेटअप. त्याने ऐकणाऱ्याच्या मनात एक साधी समजूत तयार होते: लिफ्ट तीन दिवसांत सुरू होणार. तारखेने ती समजूत मोडते, म्हणून तो पंच. लॅमिनेशनचं वाक्य म्हणजे टॅग. नवा सेटअप न बांधता त्याच पंचावर चढवलेला दुसरा पंच. ऑडॅसिटीतून या खुणा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढल्या, तर त्या अशा दिसतील. पहिला आकडा सुरुवातीचा, दुसरा शेवटाचा, दोन्ही सेकंदांत:

```
12.400000	19.100000	सेटअप
19.600000	22.000000	पंच
24.800000	27.600000	टॅग
22.120000	25.400000	हशा १
27.050000	31.500000	हशा २
```

हशाच्या खुणा शेवटी वेगळ्या आल्या आहेत, कारण त्या वेगळ्या पट्टीवर ठेवलेल्या आहेत. हे आवश्यकच आहे. बोलणं आणि हसणं एकमेकांवर चढतं, आणि एकाच पट्टीवर खुणा केल्या तर नेमकं ते चढणं कुठेतरी कापून टाकावं लागतं.

आता आकडे वाचू. पंचाचं वाक्य २२.०० ला संपलं आणि हशा २२.१२ ला सुरू झाला. मध्ये फक्त बारा शतांश सेकंद. ठरलेला आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालाही माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. म्हणजे लोक वाक्य संपल्यावर हसायला लागलेच नाहीत. ‘एकोणीस’ हा शब्द कानावर पडता पडताच त्यांना उमगलं, ‘ची’ नंतर आलं.

टॅगमध्ये तर हिशेब उलटाच दिसतो. वाक्य २७.६० ला संपतं, पण हशा २७.०५ ला सुरू झाला आहे, वाक्य संपायच्या अर्ध्या सेकंदाहून जास्त आधी. कारण वाक्यरचनेत आहे. ‘लॅमिनेट’ हा शब्द २६.८० ला पुरा झाला, गंमत तिथेच कळली आणि पाव सेकंदात हशा आला. ‘करून घेतली’ हे शब्द त्या हशाखाली गेले. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गंमत उलगडणारा शब्द बहुतेक वेळा शेवटून दुसरा-तिसरा पडतो आणि क्रियापदाची शेपटी मागे उरते. अनुभवी कलाकार ही शेपटी कापतात किंवा वाक्य फिरवतात. तारखेच्या पंचात हेच झालं आहे: ‘दोन हजार एकोणीसची तारीख होती’ असं न म्हणता तारीख शेवटी ठेवली आणि ‘होती’ गाळलं. म्हणूनच नुसती वाक्याच्या शेवटाची खूण पुरत नाही. गंमत ज्या शब्दावर उघडते त्याची वेगळी खूण हवी, नाहीतर मराठी सेटमधले आकडे अर्थहीन होतात.

तिसरी नोंद कलाकाराच्या जाणतेपणाची आहे. पहिला हशा २५.४० पर्यंत चालला, पण टॅग २४.८० लाच सुरू झाला. कलाकार हशा पूर्ण विरेपर्यंत थांबला नाही. हशा चढतो, शिखरावर पोचतो आणि उतरू लागतो. उतरणीवर पुढचं वाक्य टाकलं तर सभागृह थंड पडत नाही. चढणीवर टाकलं तर तो स्वतःचाच हशा तुडवतो. नवशिक्या कलाकाराच्या सेटमध्ये या दोन वेळांतलं अंतर तपासलं, की तो घाबरून घाई करतोय की नाही हे त्याच्या चेहऱ्याकडे न पाहताही कळतं.

पंचाआधीच्या विरामाबद्दल मात्र फार सांभाळून बोलावं लागतं. पंचाआधी क्षणभर थांबावं, हा सल्ला प्रत्येक नव्या कलाकाराला मिळतो. विनोदाचे अभ्यासक साल्व्हातोरे अटार्डो आणि लूसी पिकरिंग यांनी लोकांनी सांगितलेले विनोद ध्वनिमुद्रित करून मोजले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात पंचाआधी ठळक विराम सापडला नाही, की बोलण्याच्या वेगात नजरेत भरणारा बदलही. ते भरलेल्या सभागृहातले स्टँडअपचे सेट नव्हते, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा रंगमंचावर लावता येणार नाही. पण खूण करणाऱ्याला त्यातून एक धडा मिळतो. रंगमंचावर पंचाआधी जो विराम ऐकू येतो, तो पुष्कळदा आधीच्या हशामुळे आलेला असतो. कलाकार परिणामासाठी थांबलेला नसतो, लोकांचं हसणं संपायची वाट पाहत असतो. शांत विराम आणि हशाने भरलेला विराम यांना एकच नाव दिलं, की ‘विरामामुळे हशा येतो’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो खोटा असतो.

याहून मोठा धोका चक्राकार तर्काचा. लिफ्टच्या किश्शात पंच कुठे सुरू होतो? ‘तारीख बघितली’ पासून, की ‘दोन हजार’ पासून? पहिलं मानलं तर आधीचा विराम अर्ध्या सेकंदाचा. दुसरं मानलं तर ‘तारीख बघितली’ सेटअपमध्ये जातं आणि मोजायचा तो स्वल्पविराम, जेमतेम श्वासाएवढा. सोपा मार्ग म्हणजे हशा जिथे येतो त्याच्या आधीच्या वाक्याला पंच म्हणणं. पण तसं केलं, तर पंचानंतर हशा येतो हे सिद्ध करायचं काही उरतच नाही, आणि लोक हसले नाहीत असा पडलेला पंच नोंदीतून गायब होतो. अभ्यासाला पडलेले पंच तर सर्वांत जास्त हवेत. म्हणून खुणा दोन फेऱ्यांत करायच्या. आधी सेटचा मजकूर उतरवून घ्यायचा, त्यात हशा कुठेही दाखवायचा नाही, आणि दोघांनी एकमेकांना न विचारता फक्त मजकुरावर सेटअप, पंच, टॅग ठरवायचे. ध्वनिमुद्रणावर हशाच्या खुणा नंतर, शक्यतो तिसऱ्या माणसाकडून. दोघांचं जिथे पटत नाही त्या जागा वेगळ्या काढायच्या. बहुतेक वेळा पंचाचा शेवट दोघांनाही एकाच ठिकाणी दिसतो, वाद सुरुवातीवर होतो.

काही विनोद मात्र मजकुरावरून सापडतच नाहीत. १९४८ साली अमेरिकन रेडिओवर जॅक बेनी यांचा एक प्रसंग गाजला. बेनी यांनी वर्षानुवर्षं रंगवलेलं पात्र महाकंजूष. दरोडेखोर विचारतो, पैसे की जीव? बेनी गप्प. त्या शांततेतच लोक हसू लागतात, कारण हा माणूस खरंच हिशेब करतोय हे त्यांना माहीत आहे. दरोडेखोर पुन्हा दटावतो, तेव्हा बेनी सांगतात की मी विचार करतोय. कागदावर पंच हे उत्तर आहे, पण पहिला हशा मौनाला आहे. इथे मौनालाच एक तुकडा मानून पंचाचं नाव द्यावं लागतं. त्याचा सेटअप त्या रात्रीच्या कार्यक्रमाबाहेर, आधीच्या अनेक वर्षांच्या भागांत पसरलेला आहे.

ध्वनिमुद्रणही फसवतं. कलाकाराच्या हातातल्या माइकला प्रेक्षक दूर असतात, आणि आवाजाला वीस मीटर अंतर कापायला जवळपास सहा शतांश सेकंद लागतात. मागच्या रांगांचा हशा तेवढा उशिराच नोंदवला जातो. फोनवर घेतलेल्या चित्रीकरणात आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. कलाकार गप्प झाला की फोन आवाज वाढवतो आणि मध्यम हशाही दणदणीत वाटतो. अशा फाइलीत हशाची लांबी मोजावी, जोर मोजू नये. विक्रीसाठी तयार केलेल्या चकचकीत खास कार्यक्रमांत बऱ्याचदा दोन प्रयोगांतले तुकडे जोडलेले असतात. मधेच कलाकाराच्या हातातला ग्लास भरलेला दिसला किंवा सभागृहाची घुमण्याची पट्टी एकदम बदलली, तर त्या जोडावरचा हशा मोजणीतून वगळलेला बरा.

म्हणून या कामाला छोट्या सभागृहातलं, न कापलेलं, एका रात्रीचं ध्वनिमुद्रण सर्वांत चांगलं, आणि त्याच कलाकाराचा तोच सेट दुसऱ्या रात्रीचा मिळाला तर फारच उत्तम. मराठीत ही सोय आता झाली आहे, कारण पुण्या-मुंबईतले कलाकार तोच सेट महिनोन्‌महिने घासत असतात. ‘लॅमिनेट करून घेतली’ हे वाक्य तिसऱ्या प्रयोगात ‘सेक्रेटरींनी परवा काय केलं? लॅमिनेट!’ असं झालं, तर दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहता येईल की शेपटी गेल्यावर शिखर लवकर येतं का, आणि हशा किती लांबतो.