पाडव्याला घड्याळ का पाहत नाहीत?

मार्च लागला की बदलापूरच्या नव्या इमारतींवर पाडव्याच्या बुकिंगचे फलक चढतात, अंबरनाथच्या बाजारात साखरेच्या गाठी लटकू लागतात आणि उल्हासनगरच्या सराफांकडे आगाऊ नोंदणी सुरू होते. त्याच सुमारास मोबाइलवर गुढी उभारण्याच्या वेळांचे संदेश फिरू लागतात. त्यातले बरेच संदेश दोन वाक्यांत दोन विरुद्ध गोष्टी सांगतात. आधी म्हणतात की पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे सगळा दिवस शुभ. लगेच पुढे पूजेचा ‘खास मुहूर्त’ मिनिटांसह देतात. मग घरोघरी प्रश्न सुरू होतो: सात वाजून गेले, आता गुढी उभारली तर चालेल का?

चालेल. मात्र त्यामागचे कारण बहुतेकांना वाटते ते नाही.

आधी नेहमीचा मुहूर्त कसा काढतात ते पाहू. गुरुजी पंचांग उघडतात तेव्हा ते तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे तपासतात. चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी टाळतात. व्यतीपात आणि वैधृती हे योग टाळतात. भद्रा, म्हणजे विष्टी करण, असेल तर तेवढा काळ सोडतात. मग त्या दिवशी पूर्वेला कोणती रास उगवते आहे, म्हणजे लग्न कोणते आहे, ते पाहतात. हे लग्न साधारण दोन तासांनी बदलते, म्हणून नेहमीच्या मुहूर्ताला मिनिटांची मर्यादा येते.

पाडवा आणि अक्षय्य तृतीया या दिवसांना ही चाळणी लावत नाहीत. त्या तिथीचे स्वतःचे माहात्म्यच परंपरेने पुरेसे मानले आहे. म्हणूनच या दिवसांना स्वयंसिद्ध म्हणतात. चैत्र शुद्ध प्रतिपदेला नवे शक सुरू होते. सृष्टीच्या निर्मितीची कथाही याच तिथीला जोडलेली आहे. वैशाख शुद्ध तृतीया ही युगादी तिथी, म्हणजे युगाचा आरंभदिन, आणि या दिवशी दिलेले दान अक्षय होते अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी आकाशात चोवीस तास काही वेगळे घडत असते, असा याचा अर्थ नाही. हा धर्मशास्त्राने ठरवलेला संकेत आहे. मात्र एक गोष्ट पंचांगाच्या गणितातही दिसते. शुद्ध प्रतिपदा आणि शुद्ध तृतीया या दोन्ही रिक्ता तिथी नाहीत आणि दोहोंत भद्रा कधीच येत नाही. शुक्लपक्षात भद्रा येते ती चतुर्थी, अष्टमी, एकादशी आणि पौर्णिमेला. त्यामुळे सर्वसाधारणपणे टाळल्या जाणाऱ्या दोषांपैकी दोन इथे मुळातच नसतात.

आता सर्वांत मोठा गैरसमज. दिवसभर शुभ म्हणजे ती तिथी दिवसभर असते, असे बहुतेकजण धरून चालतात. तिथी आणि दिवस ही दोन वेगळी मापे आहेत. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्याने तिथी कधी वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. ती मध्यरात्री सुरू होईल, दुपारी होईल किंवा पहाटे होईल. म्हणून दिवसाला कोणत्या तिथीचे नाव द्यायचे यासाठी नियम लागतो. पाडव्यासाठी तो नियम सूर्योदयाचा आहे. सूर्य उगवताना प्रतिपदा असेल तर तो सगळा दिवस पाडव्याचा.

२०२५ चा पाडवा उल्हासनगरकरांसाठी या नियमाचे उत्तम उदाहरण होता. २९ मार्चला दुपारी साडेचारच्या सुमारास अमावास्या संपून प्रतिपदा लागली आणि ३० मार्चला पाऊण-एकच्या सुमारास संपली. ३० तारखेच्या सूर्योदयाला प्रतिपदा होती, म्हणून पाडवा रविवारी ३० मार्चला. पण दुपारी एकनंतर गणिताने द्वितीया सुरू झाली होती. सिंधी समाजाचा चेटीचंड संध्याकाळी दिसणाऱ्या नव्या चंद्रकोरीशी जोडलेला आहे आणि तो द्वितीयेचा सण आहे. एरवी तो बहुधा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, पण त्या वर्षी दोन्ही सण एकाच तारखेला आले. सकाळी मराठी दारांत गुढ्या आणि संध्याकाळी झुलेलालचा उत्सव, आणि दोन्हीही आपापल्या नियमाने बरोबर. सण एकत्र आले म्हणून पंचांग चुकले, अशी शंका घेण्याचे कारण नाही. एका समाजाने दिवस उगवत्या सूर्यावरून मोजला, दुसऱ्याने मावळतीच्या चंद्रावरून. दुपारी दोनला दुकानाचा नारळ फोडणाऱ्या मराठी दुकानदाराचा पाडवा हुकला का? नाही. सूर्योदयाची तिथी व्रत, दान आणि आरंभ यांसाठी संपूर्ण दिवसाची मानायची, हा जुना संकेत आहे.

२०२६ मध्ये पेच आणखी नाजूक आहे. १९ मार्च, गुरुवार. आपल्या भागात सूर्योदय ६ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास, आणि अमावास्या संपते ६ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास. म्हणजे सूर्य उगवताना अमावास्या आहे. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, प्रतिपदा पहाटे पाचच्या आधीच संपते, त्यामुळे त्या सूर्योदयालाही ती नाही. दोन सूर्योदयांच्या मध्ये अडकून ती कोणालाच लागली नाही. अशा तिथीला क्षयतिथी म्हणतात. मग पाडवा कधी? पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त याची तरतूद आहे. प्रतिपदा दोन्ही सूर्योदयांना असली किंवा दोन्हींना नसली, तर पहिला दिवस घ्यायचा. म्हणून पाडवा १९ तारखेलाच, आणि त्याच दिवशी शक १९४८ सुरू. त्या सकाळी अमावास्येत गुढी नको असे ज्यांना वाटते त्यांनी दहा-बारा मिनिटे थांबावे, एवढाच त्या ‘६.५३’चा अर्थ. त्यानंतर अमुक वाजेपर्यंतच उभारा, अशी मर्यादा त्यातून निघत नाही. गुरुवारचा राहुकाल दुपारी दीड ते तीन असतो म्हणून त्या वेळेत खरेदी थांबवण्याचेही कारण नाही. राहुकाल हा भाग स्वयंसिद्ध दिवसाच्या संकल्पनेत बसतच नाही.

अक्षय्य तृतीयेलाही असेच घडते. ३० एप्रिल २०२५ ला तृतीया दुपारी सव्वादोनच्या सुमारास संपली आणि रिक्ता मानलेली चतुर्थी लागली. संध्याकाळी उल्हासनगर कॅम्पातल्या सराफी दुकानांत गर्दी होतीच. काटेकोर माणूस सव्वादोनच्या आत काम उरकेल, त्यात वावगे काही नाही. पण संध्याकाळी घेतलेली अंगठी अशुभ ठरत नाही. सोन्याबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. धर्मग्रंथांत या दिवशी भर आहे तो दानावर, विशेषतः पाण्याने भरलेल्या उदककुंभावर आणि पितरांच्या स्मरणावर. खानदेशातून इथे येऊन राहिलेल्या घरांत आजही आखाजीला घागर भरतात. मुंबई-कोकणातल्या घरांत याच दिवशी चैत्रगौरीचे हळदीकुंकू आटोपते. सोने घेतलेच पाहिजे, नाहीतर दिवस वाया जातो, ही बाजाराची भर आहे.

अक्षय्य तृतीयेला सूर्य आणि चंद्र दोघेही उच्च राशीत असतात, म्हणून ती शुभ, असे कारणही हमखास दिले जाते. सूर्याची उच्च रास मेष, चंद्राची वृषभ. ३० एप्रिल २०२५ ला हे खरेही होते. पण दर वर्षी ते बसतेच असे नाही. तृतीयेला चंद्र सूर्याच्या चोवीस ते छत्तीस अंश पुढे असतो. सूर्य मेषेच्या अगदी सुरुवातीला असेल तर चंद्र मेषेतच राहू शकतो, आणि मेषेच्या शेवटाला असेल तर मिथुनेत पोहोचू शकतो. योग वारंवार जुळतो, पण तिथीचे माहात्म्य त्यावर उभे नाही.

सर्वांत जास्त गोंधळ लग्नांबाबत होतो. ‘मुहूर्त पाहायची गरजच नाही’ या वाक्यावर विसंबून हॉल ठरवला जातो आणि मग गुरुजी नाही म्हणतात. पाडव्याचे कारण तर गणितातच आहे. चैत्र महिना ठरतो तोच मुळी त्या महिन्यात सूर्य मेषेत जातो म्हणून. त्यामुळे चैत्राच्या पहिल्या दिवशी सूर्य जवळजवळ नेहमी मीनेतच असतो, आणि मुहूर्तशास्त्र विवाहासाठी मीनेतला सूर्य घेत नाही. म्हणून पाडव्याला साखरपुड्याची बोलणी करा, दुकान उघडा, विद्यारंभ करा, पण विवाहाच्या यादीत तो दिवस शोधू नका. अक्षय्य तृतीयेला सूर्याची ही अडचण बहुधा नसते, पण दुसरी येऊ शकते. १० मे २०२४ ला गुरू आणि शुक्र दोघेही सूर्याच्या तेजात लपलेले, म्हणजे अस्तंगत होते. गुरूची सूर्याशी युती १८ मेला होती, शुक्राची ४ जूनला. त्यामुळे त्या मे-जूनमध्ये मराठी पंचांगांत विवाहाचे नेहमीचे मुहूर्त जवळजवळ नव्हते. राजस्थान आणि उत्तरेकडे मात्र हा अबूझ मुहूर्त, त्या दिवशी अस्तही पाहायचा नाही, अशी रूढी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दोन्हीकडची माणसे शेजारी राहतात. म्हणून एकाच इमारतीत एका घरी लग्न लागते आणि शेजारचे घर आश्चर्य करते. परंपरा वेगवेगळ्या आहेत, कोणी कोणाची चूक काढू नये. पण आपल्या घरी लग्न असेल तर आधी आपल्या कुळाचे गुरुजी काय मानतात ते विचारून घ्यावे.

साडेतीनमधला अर्धा कोणता, यावरही एकमत नाही. प्रचलित यादीत पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धी. काही याद्या अक्षय्य तृतीयेला अर्धी धरतात. दोन्हींत तिला वेगळा मुहूर्त लागत नाही. मुहूर्त म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे हे माप इथे लावून साडेतीनचा गुणाकार करण्यातही अर्थ नाही. इथे मुहूर्त हा शब्द अख्ख्या दिवसासाठी वापरला आहे.

बदलापुरात पाडव्याला फ्लॅट ठरवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. पाडवा महाराष्ट्रात सार्वजनिक सुटी असते, त्यामुळे त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवता येईल असे गृहीत धरू नये. अक्षय्य तृतीयेची वेगळी सुटी नसते. आरंभ पाडव्याला करायचा असेल तर टोकन रक्कम द्या, पावतीवर तारीख घ्या, हवा तर नारळ फोडा. पण रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. चाळीस लाखांच्या घरासाठी ही मर्यादा चार लाख. ‘पाडव्याच्या आत पंचवीस टक्के भरा, नाहीतर दर वाढेल’ असे कोणी म्हणत असेल तर ती घाई त्याची आहे, तिथीची नाही. करार पुढच्या आठवड्यात नोंदवला तरी आरंभ पाडव्याचाच राहतो.