दोन दिवसांत चार चित्रपट : आधी कोणता, शेवटी कोणता?

सुगी आटोपून हात थोडे मोकळे झाले की आमच्या वाड्यातली चार-पाच घरे मिळून शनिवार-रविवार चित्रपट पाहतात. मोठा टीव्ही एका घरचा, चहा दुसऱ्या घरचा आणि सतरंज्या ज्याच्या त्याच्या. पहिल्या वर्षी जो हाती लागेल तो चित्रपट लावला. सोमवारी कुणाला काही आठवेना. म्हणून पुढच्या खेपेला एकच विषय धरायचे ठरले. विषय निवडायला वेळ लागला नाही : शेतकऱ्याचे कर्ज.

या विषयाचा आपल्याकडचा जुना चित्रपट म्हणजे बाबूराव पेंटरांचा 1925 सालचा ‘सावकारी पाश’. पण तो मूकपट आता पाहायला मिळत नाही. ‘मदर इंडिया’ (1957) सर्वांना हवा होता. तो जवळजवळ तीन तासांचा आहे आणि बहुतेकांचा पाहिलेलाही होता, म्हणून मीच तो बाजूला ठेवला. त्याबद्दल सासूबाईंचा राग अजून गेलेला नाही. उरले चार : बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (1953), श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (1976), मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (2008) आणि सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009).

ते आम्ही सालाप्रमाणे लावले, आणि तिथेच चुकलो.

सालाप्रमाणे गेल्यावर ‘गाभ्रीचा पाऊस’ शेवटी आला, रविवारी रात्री. विदर्भातल्या किसनाच्या शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनात धास्ती बसते. ती नवऱ्यावर नजर ठेवते, लेकराला त्याच्या मागे मागे पाठवते. चित्रपट संपला तेव्हा साडेदहा वाजले होते. दिवा लावला तर जो तो चपला शोधत होता. दोन वर्षांपूर्वी जिच्या घरी तसाच प्रसंग घडला होता, ती आमची एक वहिनी मात्र भिंतीला टेकून बसून राहिली होती. तिला आम्ही आधी काही विचारलेच नव्हते. त्या रात्री मी तिला घरापर्यंत सोडायला गेले. वाटेत ती एवढेच म्हणाली, “आधी सांगायचं होतंत गं, मी दिवसा पाहिला असता.”

या वर्षी क्रम बदलला तो तिच्या त्या बोलण्यावरून.

शनिवारी धारा काढून, जेवणे उरकून साडेसातला ‘दो बिघा जमीन’ लावला. हा दोन तासांहून थोडा मोठा आहे. तो पहिला ठेवायचा, कारण कर्जाची मूळ गाठ त्यात उघडी दिसते. शंभूच्या हिशेबाने देणे 65 रुपये. घरातले किडूकमिडूक विकून तो ते घेऊन जातो, तर जमीनदाराच्या वहीत 235 निघतात. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते आणि शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढू लागतो. बलराज साहनींनी या कामासाठी खरोखर रिक्षा ओढण्याचा सराव केला होता, हे मुलांना आधी सांगितले की ती डोळे फाडून पाहतात. मध्यंतर शंभूच्या हाती रिक्षा येते तिथे घ्यावे. त्याच्या पुढे चित्रपट तोडू नये, पकड सुटते. रात्री पाण्याची पाळी असलेल्यांना हा एकच चित्रपट पाहून वेळेवर रानात जाता येते, हाही फायदा.

त्यावर प्रश्न एकच ठेवला : 65 चे 235 झाले कसे, आणि शंभूजवळ काय असते तर ते झाले नसते? “कोर्ट श्रीमंताचे” इथून बोलणे सुरू झाले आणि पावतीवर येऊन थांबले. मग एका घरात दुकानदाराची उधारी नुसती तोंडी चालते, हे तिथल्या सुनेनेच सांगितले. प्रश्न असा असावा. “चित्रपट कसा वाटला?” असे विचारले की “छान” एवढेच उत्तर येते.

रविवारी सकाळी दहाला ‘टिंग्या’. हा मुलांसाठी, आणि उजेडातच बरा. जुन्नरकडच्या बटाटा लावणाऱ्या घरातला चितंग्या बैल जायबंदी होतो. लागवड तोंडावर आलेली. बापाला तो विकून दुसरा बैल आणायचा आहे आणि लहान टिंग्या त्याला सोडायला तयार नाही. आम्ही मुलांना आधी बोलू दिले आणि मोठ्यांना गप्प बसवले. प्रश्न होता : बापाचे चुकले का? दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, “त्यानं टिंग्याला पैशाचं आधीच का नाही सांगितलं?” पुढच्या चित्रपटाला हाच धागा लागतो, म्हणून ‘टिंग्या’ त्याच्या आधी हवा.

जेवणानंतर दोनला ‘गाभ्रीचा पाऊस’, दीड तासापेक्षा थोडा मोठा. त्याआधी दोन गोष्टी केल्या. ज्या घरात तसे दुःख झाले आहे किंवा सध्या कर्जाची ओढाताण चालू आहे, तिथे आदल्या दिवशी जाऊन चित्रपटात काय आहे ते सांगितले आणि यायचे की नाही ते त्यांच्यावर सोडले. लहान मुलांना मळ्यात पाठवले. मध्यंतर घेतले नाही. वऱ्हाडी बोली आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सुरुवातीला अडते, पण दहा मिनिटांत कान सरावतो.

चित्रपट संपल्यावर लगेच प्रश्न विचारायचा नाही. पावणेचारला चहा झाला आणि सगळे आपापल्या गोठ्याकडे गेले. वैरण, धारा, डेअरीला दूध घालणे, यात तीन तास जातात आणि या दिवसातली खरी विश्रांती हीच. मनात अडकलेले बोलणे गोठ्यात, दोघा-तिघांत सहज निघते. सगळे पुन्हा जमले तेव्हा विचारले : अलका नवऱ्यावर पहारा ठेवते, पण त्याला सरळ विचारत का नाही? बायकांनी दिलेले उत्तर पुरुषांना माहीत नव्हते : “विचारलं तर त्याच्या मनात नसलेलं यायचं, अशी भीती वाटते.” आमच्या आरोग्यसेविका तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही. उलट माणूस बोलता होतो, म्हणून सरळ विचारावे आणि त्याला एकटे सोडू नये. यंदा वहिनी आली होती. ती बोलली नाही, पण शेवटपर्यंत बसली.

सातला ‘मंथन’. सव्वादोन तासांचा हा चित्रपट शेवटी ठेवायचा तो गोड आहे म्हणून नव्हे, तसा तो नाहीच. आधीच्या तिन्हींत माणूस एकटा आहे, इथे पहिल्यांदा गाव एकत्र येते आणि आपसात भांडतेही. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घालून तो काढला आणि पटकथा विजय तेंडुलकरांची, हे ऐकल्यावर पेंगणारेही सावरून बसतात. सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच हरतो आणि दलित वस्तीतला माणूस निवडून येतो, तिथे दहा मिनिटे थांबावे. आमच्याकडे तिथेच आवाज चढले. प्रश्न मी शेवटासाठी राखला होता : डॉक्टर राव निघून गेल्यावर सोसायटी कोण चालवणार? पण थोरल्या दिरांनी मध्येच दुसरा काढला, “आपल्या डेअरीची वार्षिक सभा मागच्या वेळी कधी झाली, कुणाला आठवतंय का?”

कुणालाच आठवेना. सचिव आमच्यातच सतरंजीवर बसले होते. त्यांनी चहा मागितला.