जाण्याची वाट आहे, परतीची नाही

पुण्यातलं एक छोटं कार्यालय आपला सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, मुंबई रीजनमध्ये हलवतं, असं समजा. कार्यालयातल्या संगणकांचे पत्ते 192.168.10.0/24 या गटातले. क्लाउडमध्ये त्यांनी घेतलेल्या खासगी नेटवर्कचा, म्हणजे व्हीपीसीचा, गट 10.20.0.0/16. या दोन्हींना इंटरनेटवरून बंदिस्त वाटेनं जोडतो तो व्हीपीएन. त्याचं एक टोक कार्यालयाच्या राउटरवर असतं आणि दुसरं व्हीपीसीला लावलेल्या व्हीपीएन गेटवेवर. ॲमेझॉन एका जोडणीसाठी दोन टनेल देतं, म्हणजे एक बंद पडला तरी दुसऱ्यावरून काम चालतं.

जोडणी झाली. पडद्यावर टनेलपुढे `UP` दिसलं. कार्यालयातून 10.20.1.15 हा ॲप सर्व्हर उघडला, पण 10.20.2.30 वरचा डेटाबेस काही केल्या उत्तर देईना. अशा वेळी बहुतेकांचा हात राउटरकडे जातो. पण एक सर्व्हर उघडतो आहे, म्हणजे टनेल आणि राउटर दोन्ही ठीक आहेत. दोष पुढे कुठेतरी आहे.

तो शोधायला डेटाबेस सर्व्हरवर जाऊन `tcpdump` चालवायचं आणि कार्यालयातून पुन्हा जोडणी करून पाहायची. इथे 192.168.10.25 कडून विनंती येताना दिसते आणि सर्व्हर उत्तर पाठवतानाही दिसतो, तरी ते उत्तर कार्यालयात पोचत नाही. विनंती आलीच नसती, तर सिक्युरिटी ग्रुपच्या नियमांवर संशय घेतला असता. इथे मात्र परतीची वाटच हरवली आहे.

कारण असं, की व्हीपीसीचे तुकडे, म्हणजे सबनेट, आपापल्या रूट टेबलनुसार बाहेरची वाट धरतात. ॲपच्या सबनेटच्या टेबलात कार्यालयाची नोंद होती. डेटाबेसच्या सबनेटला वेगळं टेबल होतं आणि त्यात फक्त 10.20.0.0/16 ची `local` नोंद होती. 192.168.10.25 कुठे आहे हे त्या टेबलाला ठाऊकच नसल्यानं उत्तर तिथेच टाकून दिलं गेलं.

उपाय एका ओळीचा. या टेबलासाठी रूट प्रोपगेशन चालू करायचं:

```
aws ec2 enable-vgw-route-propagation \
  --route-table-id rtb-0123456789abcdef0 \
  --gateway-id vgw-0123456789abcdef0
```

मग गेटवेला ठाऊक असलेले कार्यालयाचे पत्ते टेबलात आपोआप उतरतात. बीजीपी वापरत असाल तर ते पत्ते राउटर कळवतो; स्टॅटिक जोडणीत ते व्हीपीएनच्या नोंदीत आपणच लिहावे लागतात. थोड्या वेळानं टेबलात 192.168.10.0/24 दिसतं, त्यापुढे `Propagated` खाली `Yes`, आणि डेटाबेस उघडतो.

पुढे नवं सबनेट आणि त्याला नवं टेबल केलं, की हीच नोंद तिथेही लागते. आणि कार्यालयाचे पत्तेही 10.20 च्याच गटातले असतील, तर हा उपाय चालत नाही. तिथे `local` नोंद वरचढ ठरते आणि उत्तर व्हीपीसीतच घुटमळतं. म्हणून दोन्हीकडचे पत्ते वेगळे ठेवणं हे जोडणीच्या आधीच ठरवायचं काम आहे.