ठाणे जिल्ह्याच्या तीन घनता

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं बसतात. अ‍ॅटलास, आल्मनॅक आणि इयरबुकं यांतून भूगोलाचा एखादा आकडा कसा ताडून पाहावा, याविषयी मी त्यांच्याशी अधूनमधून बोलते. उदाहरण बहुतेक वेळा ठाणे जिल्ह्याचंच घेते. मुलांना तो माहितीचा असतो, आणि छापील संदर्भग्रंथांत जे जे घोळ होऊ शकतात ते जवळपास सगळे त्याच्या आकड्यांत सापडतात.

प्रश्न साधा आहे: ठाणे जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला किती माणसं राहतात? मुलांच्या वह्यांत तीन उत्तरं निघतात. कुणाकडे १,१५७, कुणाकडे १,९१५, तर कुणाकडे २,६२५. पहिली दोन बरोबर आहेत. तिसरी घनता कोणत्याही दिवशी कोणत्याही जिल्ह्याची नव्हती, तरी ती छापील पुस्तकांतूनच आलेली असते.

२०११च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा तलासरी-डहाणूपासून मुरबाड-शहापूरपर्यंत पसरलेला होता. तालुके १५, क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १,१०,६०,१४८. भागाकार केला की १,१५७ येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. त्यांचं क्षेत्रफळ ५,३४४ चौरस किलोमीटर आणि २०११ची लोकसंख्या २९,९०,११६. ठाण्याकडे सात तालुके, ४,२१४ चौरस किलोमीटर आणि ८०,७०,०३२ माणसं उरली. त्यांचा भागाकार १,९१५. माणसं तीच आणि मोजणीही तीच, फक्त हद्द बदलली.

तिसरं उत्तर कसं तयार झालं ते आता कळेल. लोकसंख्या घेतली इयरबुकातल्या जनगणनेच्या तक्त्यातून, म्हणजे अखंड जिल्ह्याची. क्षेत्रफळ घेतलं नव्या नकाशाच्या पुस्तकातून, म्हणजे विभाजनानंतरचं. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे, पण ते दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांचे आहेत. मुंबईला लागून असलेल्या जिल्ह्यात २,६२५ हा आकडा पटण्यासारखाही वाटतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

असा घोळ ओळखायला बेरीज पुरते. नव्या ठाण्याचं आणि पालघरचं क्षेत्रफळ मिळवा, ९,५५८ आले पाहिजेत. दोघांची लोकसंख्या मिळवा, १,१०,६०,१४८ आली पाहिजे. जिथे बेरीज मूळ जिल्ह्यापेक्षा जास्त भरते, तिथे एक आकडा जुन्या हद्दीचा आहे असं समजावं. नंदुरबार-धुळे, वाशिम-अकोला, हिंगोली-परभणी, गोंदिया-भंडारा या जोड्यांनाही हीच कसोटी लावता येते. त्यांची विभाजनं १९९८ आणि १९९९ सालची, त्यामुळे १९९१च्या जनगणनेचे आकडे वापरणाऱ्याला ती लावावीच लागते.

आता पुस्तक मागे का पडतं ते पाहू. जनगणनेचा संदर्भक्षण होता १ मार्च २०११ची मध्यरात्र. पण मोजणीच्या सोयीसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २००९ रोजीच गोठवल्या होत्या. म्हणजे माणसं मोजली त्या दिवशीच हद्दींची यादी चौदा महिन्यांची जुनी होती. मार्चअखेर जाहीर झाले ते अंतरिम आकडे. त्यांत ठाण्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाख चोपन्न हजारांच्या घरात होती. अंतिम आकडा नंतर आला आणि काही हजारांनी वाढला. त्या सुमाराच्या दोन इयरबुकांत लोकसंख्या थोडी वेगळी दिसली, तर त्यांतलं एक चुकलंय असं लगेच ठरवू नये. तक्त्याखालच्या बारीक टिपेत ‘अंतरिम’ हा शब्द आहे का ते आधी पाहावं.

इयरबुकाच्या मुखपृष्ठावरचं साल तर विक्रीच्या सोयीचं असतं. २०२० सालचं म्हणून विकलं जाणारं पुस्तक बहुधा २०१९ संपण्यापूर्वी दुकानात येतं, आणि त्याचा मजकूर त्याआधीच छपाईला गेलेला असतो. त्या वर्षी याचा नेमका फटका बसला. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेनंतर देशातले केंद्रशासित प्रदेश सातावरून नऊ झाले. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले आणि संख्या आठ झाली. नऊ ही संख्या फक्त ८७ दिवस खरी होती. त्या मधल्या काळात छापलेल्या पुस्तकाने ‘नऊ’ लिहिलं असेल तर ते लिहिताना बरोबरच होतं. मात्र मुखपृष्ठावरच्या सालातले पहिले पंचवीस दिवस सोडले, तर उरलेलं वर्षभर ते चुकीचं.

अ‍ॅटलासचं दुखणं निराळं असतं. नकाशा नव्याने काढणं खर्चाचं काम, म्हणून सुधारणा तुकड्यातुकड्याने होतात. पुढच्या राजकीय नकाशात पालघर दिसतो, आणि मागच्या लोकसंख्या-घनतेच्या किंवा पिकांच्या नकाशात ठाणे जिल्हा अजून गुजरातच्या सीमेला टेकलेला असतो. म्हणून एक पान पाहून अ‍ॅटलास अद्ययावत ठरवू नये. शीर्षकपानामागची बाजू वाचावी. तिथे आवृत्तीचं साल आणि पुनर्मुद्रणाचं साल वेगवेगळं दिलेलं असतं. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला, त्यामुळे आकड्यांसाठी आवृत्तीचं साल धरायचं.

भारतीय नकाशांवर आणखी एक ओळ असते: देशाच्या बाह्य सीमा आणि किनारारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाने प्रमाणित केलेल्या प्रतीशी जुळतात. मुलं ती वाचतात आणि सगळा नकाशाच प्रमाणित आहे असं धरून चालतात. ओळीत जेवढं लिहिलंय तेवढीच तिची हमी असते. जिल्ह्यांच्या हद्दींबद्दल ती काहीच सांगत नाही.

मग जिल्ह्याचा आकडा पक्का कुठून करायचा? जिल्हा कधी झाला आणि त्यात कोणते तालुके आले, हे शासन राजपत्रातल्या अधिसूचनेत. आकड्यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढावं. त्यात तालुकावार तक्ते असतात, त्यामुळे कोणते तालुके धरले आहेत ते समोर दिसतं. मंत्रिमहोदयांची घोषणा झाली की काही पुस्तकं नवा जिल्हा यादीत घालून टाकतात. अधिसूचना निघेपर्यंत तो जिल्हा नसतो.

मुलांचा सर्वांत अडचणीचा प्रश्न मात्र क्रमवारीचा असतो. महाराष्ट्रातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा कोणता? २०११च्या जनगणनेप्रमाणे ठाणे. तो तेव्हा देशातही पहिला होता. आजच्या हद्दी धरून तेच आकडे मांडले, तर ठाणे ८०.७ लाखांवर येतो आणि ९४,२९,४०८ लोकसंख्येचं पुणे राज्यात वर जातं. देशातलं पहिलं स्थान पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगण्याकडे जातं. परीक्षेत ‘२०११च्या जनगणनेनुसार’ एवढंच लिहिलं असेल, तर मी ठाणे लिहायला सांगते. जो स्रोत प्रश्नात दिलाय, त्याच्या तारखेची हद्दही त्यासोबत आली. याच कारणासाठी आम्ही २०१४च्या आधीचे अ‍ॅटलास रद्दीत काढलेले नाहीत. जनगणनेचा तक्ता नीट वाचायचा तर शेजारी त्या काळचा नकाशा उघडा लागतो.

पालघरची आज छापली जाणारी २०११ची लोकसंख्या आठ तालुक्यांची बेरीज करून काढलेली आहे, कारण त्या जनगणनेत पालघर नावाचा जिल्हाच नव्हता. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. पालघर स्वतंत्र जिल्हा म्हणून पहिल्यांदा तेव्हा मोजला जाईल, आणि ते आकडे आले की ठाण्याचं तक्त्यातलं स्थान पुन्हा तपासावं लागेल.