विश्लेषण : ७४ टक्के हजेरी म्हणजे नक्की किती दिवस कमी?

गोवंडीला लागून असलेल्या अणुशक्तीनगरात ॲटॉमिक एनर्जी सेंट्रल स्कूलच्या सीबीएसई शाळा आहेत. सीबीएसईत दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. पालकांना टक्का कळतो, पण मूल किती दिवस कमी पडतंय आणि ते भरून निघेल का, हे कळत नाही. त्याचा हिशेब असा.

आधी किमान दिवस काढा

समजा, नोव्हेंबरअखेर शाळेचे कामकाजाचे १५० दिवस झाले आणि मुलगी ९९ दिवस हजर होती. हजेरी ६६ टक्के. १५० चे ७५ टक्के ११२.५ होतात. अर्धा दिवस हजेरीत धरता येत नाही, म्हणून आकडा वर न्यायचा : ११३. म्हणजे १४ दिवस कमी.

माफ दिवस कुठे मिळवायचे?

मुलीला टीबी झाला होता आणि १२ दिवसांचे वैद्यकीय कागद आहेत. बोर्डाने तेवढे दिवस माफ केले असं धरू. माफी मिळते ती कमी पडलेल्या हजेरीला. त्यामुळे हे १२ दिवस हजेरीत मिळवायचे : ९९ अधिक १२, म्हणजे १११. एकूण दिवस १५०च राहतात. निर्णय : अपात्र, २ दिवस कमी. अनेक जण चुकून हे दिवस एकूण दिवसांतून वजा करतात. मग १३८ पैकी ९९ उरतात आणि ५ दिवस कमी दिसतात.

मग दोन दिवस शाळेत गेलं की झालं?

नाही. ती दोन दिवस गेली, तर शाळेचेही दोन दिवस वाढतात. १५२ पैकी ११३ म्हणजे ७४.३ टक्केच. हजर राहिलेला प्रत्येक नवा दिवस पाव दिवसाचीच तूट भरतो. इथली तूट दीड दिवसाची (११२.५ वजा १११), म्हणून सलग ६ दिवस लागतील. १५६ पैकी ११७ झाले की बरोबर ७५ टक्के. मधे एक खाडा झाला, तर आणखी ३ दिवस वाढतात.

मुदत कधीपर्यंत?

सीबीएसईच्या ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार हजेरी १ जानेवारीपर्यंतची धरली जाते. माफीची प्रकरणं शाळेने ७ जानेवारीपर्यंत विभागीय कार्यालयाकडे पाठवायची असतात. गंभीर आजार, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धा अशा कारणांसाठी २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. ती बोर्ड देतं. शाळा फक्त प्रकरण पाठवते. त्यामुळे मंजुरी येईपर्यंत ते १२ दिवस हिशेबात धरू नका. त्यांच्याशिवाय मुलीची तूट साडेतेरा दिवसांची आहे, म्हणजे सलग ५४ दिवस. नोव्हेंबरअखेर एवढे दिवस हातात नसतात. म्हणून रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र आजारपणातच शाळेत द्या आणि पोच घ्या.