जन्मतारीख शोधताना नेमके काय विचारायचे?

शाळेचा प्रकल्प असो, स्मरणिकेतला लेख असो की प्रश्नमंजूषा, जुन्या काळातल्या एखाद्या व्यक्तीची जन्मतारीख हवी असते तेव्हा बहुतेक जण शोधपेटीत नाव टाकतात आणि पुढे ‘जयंती’ लिहितात. समोर येतात शुभेच्छांची चित्रे, फलकांवरचा मजकूर आणि गेल्या वर्षीच्या कार्यक्रमांच्या बातम्या. जयंती केव्हा साजरी होते ते त्यातून कळते. पण ती तारीख आली कुठून, हे त्यातल्या एकाही पानावर नसते. अशा शोधात बिघडतो तो प्रश्न. तो नीट विचारला आणि कोणते पान आधी उघडायचे हे ठरवले, तर साधी तारीख काही मिनिटांत सापडते. वादाची तारीख असेल तर तिथे वाद आहे हेही तितक्याच लवकर कळते.

नाव पुरेसे नसते

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घेऊ. नुसते ‘आनंदीबाई’ टाकले तर राघोबादादांच्या पत्नी येतात, महर्षी कर्व्यांच्या पत्नीही येतात. ‘आनंदी गोपाळ’ टाकले तर श्री. ज. जोशी यांची कादंबरी आणि २०१९ सालचा चित्रपट यांचीच गर्दी होते. म्हणून नावाबरोबर त्याच व्यक्तीला लागू पडेल अशी एक-दोन माहिती द्यावी. अवतरणचिन्हांत लिहिलेले शब्द त्याच क्रमाने शोधले जातात आणि वजाचे चिन्ह लावलेला शब्द असलेली पाने वगळली जातात. या दोन खुणा आल्या तरी नवख्याचे बरेचसे काम भागते.

```
"आनंदीबाई जोशी" गोपाळराव पेनसिल्व्हेनिया जन्म -चित्रपट
```

यात दोन गोष्टी मुद्दाम टाळल्या आहेत. पहिली, आपल्याला वाटणारी तारीख. ‘३१ मार्च’ असे लिहून शोधले तर ३१ मार्च लिहिणारीच पाने वर येतात. वेगळी तारीख देणारे पान असलेच तरी ते दिसत नाही. तारीख पडताळायची असेल तर ती शोधात घालू नये. टाळलेली दुसरी गोष्ट म्हणजे जन्मस्थळ. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने घराणे एका गावचे आणि जन्म आजोळी, असे सर्रास घडते. आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे, पण त्यांचे जन्मस्थळ कुठे कल्याण तर कुठे पुणे दिलेले आढळते. एकच गाव धरून बसलो तर दुसऱ्या बाजूची पाने हातातून निसटतात.

यानंतर नावाची रूपे बदलून पाहावीत. मराठी विश्वकोशात नोंदींच्या शीर्षकात आडनाव आधी येते: ‘आगरकर, गोपाळ गणेश’. त्यामुळे पूर्ण नाव आपल्या नेहमीच्या क्रमाने अवतरणचिन्हांत घातले तर नेमके शीर्षकच हुकू शकते. इंग्रजीत अडचण स्पेलिंगची. आज आपण ‘Joshi’ लिहितो. पण कॅरोलिन हिली डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टनहून प्रसिद्ध केलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रावर नाव वेगळ्याच अक्षरांत छापले आहे. म्हणून शोधही तसाच करावा लागतो:

```
"Anandabai Joshee" Dall 1888
```

त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी निघालेले हे पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर छापील पानांच्या प्रतिमांसह वाचता येते. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याच्या हाती ते सहजी लागत नाही. आकड्यांचेही तसेच. मराठी पानांवर कुठे ‘१८६५’ असते, कुठे ‘1865’. अवतरणचिन्हांत आकडा घालायची वेळ आली तर दोन्ही रूपांनी शोधावे.

कोणते पान आधी उघडावे?

घाईच्या वेळी पहिली धाव विश्वकोशाकडे असावी. त्यात चरित्रनोंदीच्या सुरुवातीलाच कंसात जन्म आणि मृत्यू दिलेले असतात. टिळकांच्या बाबतीत २३ जुलै १८५६ आणि १ ऑगस्ट १९२०, आगरकरांच्या बाबतीत १४ जुलै १८५६ आणि १७ जून १८९५. शोध फक्त त्याच संकेतस्थळापुरता ठेवायचा असेल तर पत्ता जोडावा:

```
आगरकर site:vishwakosh.marathi.gov.in
```

छापील साधनांत सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश बऱ्याच जुन्या ग्रंथालयांत मिळतात. विकिपीडियाही उघडावा, पण तारखेपेक्षा तिच्याशेजारच्या संदर्भाच्या आकड्यासाठी. तो आकडा एखाद्या चरित्राकडे किंवा कागदपत्राकडे नेत असेल तर पान उपयोगी. तो वाढदिवसाच्या बातमीकडे नेत असेल, तर तारीख कुठून आली हा प्रश्न तसाच राहतो.

दहा पानांवर एकच तारीख दिसली म्हणजे दहा साक्षीदार मिळाले, असे होत नाही. पुष्कळदा नऊ पानांनी दहाव्यावरून उतरवून घेतलेले असते. वाक्यरचना तीच, चूकही तीच, हे त्याचे लक्षण. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेली दोन साधने पुरतात: एक कोश, आणि एक त्या व्यक्तीच्या काळाजवळ लिहिलेले चरित्र, पत्र किंवा नोंद.

काही तारखा दिसताक्षणी थांबावे. फक्त जन्मवर्ष माहीत असेल तेव्हा काही याद्यांत आणि संगणकीय नोंदींत आपोआप १ जानेवारी पडते. विसाव्या शतकात महाराष्ट्रात जन्मलेल्या व्यक्तीसाठी १ जून दिसला, तर तो शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला असण्याची शक्यता मोठी. व्यक्तीच्या कामाशी जोडलेली तारीख जन्मतारीख म्हणून आली तरीही एक पाऊल मागे यावे. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा. त्यांचा जन्म कित्येक ठिकाणी ६ जानेवारी १८१२ दिलेला आढळतो, तर काही ठिकाणी २० फेब्रुवारी १८१२. दिवस आणि महिना जुळला म्हणजे तारीख चुकीचीच, असे नाही. पण अशा जागी कोशावर न थांबता आणखी एक साधन पाहायलाच हवे.

तारीख हाती आली की वयाचा हिशेब करून पाहावा. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा आणि मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ चा, म्हणजे एकवीस वर्षे पूर्ण होऊन बाविसावे चालू होते. कुणी ‘एकविसाव्या वर्षी’ लिहिले म्हणून लगेच जन्मवर्ष पुढेमागे करू नये. पूर्ण झालेले वर्ष आणि चालू वर्ष यांत लेखक नेहमी घोळ घालतात. फरक एका वर्षाचा असेल तर तो बहुधा मोजणीचा असतो, चारपाच वर्षांचा असेल तर साधनाचा.

तिथीची तारीख होताना

एकोणिसाव्या शतकामागे गेलो की मूळ नोंद तारखेत नसते, तिथीत असते. शोधाचे शब्दही मग तसेच हवेत: ‘जन्मतिथी’, ‘शके’, ‘शकावली’, ‘बखर’. शिवाजी महाराजांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातली गणिते फारजण करून पाहत नाहीत.

```
शिवाजी महाराज जन्मतिथी शके "जेधे शकावली"
```

असे शोधले की दोन तिथी समोर येतात. उत्तरकालीन बखरींतून आलेली शके १५४९ मधली वैशाख शुद्ध द्वितीया, आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीतली शके १५५१ मधली फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार. महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही शके १५५१ चीच तिथी आहे. बखरी घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या. शकावली आणि शिवभारत ही एकमेकांपासून वेगळी साधने, आणि त्यांतले शिवभारत तर समकालीन. कोणत्या बाजूला वजन द्यायचे, हे नवख्यालाही इथे उमगते.

आता रूपांतर. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात. १५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येते, आणि इथेच चूक होते. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पौषाचा शेवट, माघ आणि फाल्गुन साधारण याच टप्प्यात येतात. म्हणून शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये पडतो, आणि तारीख निघते १९ फेब्रुवारी १६३०.

तरीही काही ठिकाणी १ मार्च १६३० दिसते. ही दुसरी तिथी नव्हे. दिवस तोच, पंचांग निराळे. पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारलेले कॅलेंडर इंग्लंडने १७५२ पर्यंत स्वीकारले नव्हते, आणि सतराव्या शतकात जुन्या ज्युलियन गणनेत आणि नव्या गणनेत दहा दिवसांचे अंतर होते. ज्युलियन १९ फेब्रुवारी म्हणजेच ग्रेगोरियन १ मार्च. वार लावून पाहिला की हे लगेच पटते. संगणकावरच्या एखाद्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत १ मार्च १६३० काढा, शुक्रवार येतो. शकावलीतही शुक्रवारच आहे. तिथी आणि वार यांचा असा मेळ बसला की रूपांतर बरोबर झाल्याची खात्री होते. मेळ बसला नाही, तर शक मोजताना किंवा पंचांग निवडताना चूक झाली आहे, किंवा मूळ नोंदच सदोष आहे.

उत्तर हिंदुस्थानातल्या साधनांत आणखी एक पेच असतो. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र कृष्ण पक्ष म्हणून लिहिला जातो. महिन्याच्या नावात असा फरक दिसला आणि पक्ष वद्य असला, तर दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या असू शकतात.

महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली असली तरी तिथीने जयंती करणारेही आहेत. दोघांची मूळ नोंद एकच आहे, ती मोजण्याची रीत वेगळी.

म्हणून तारीख लिहून घेताना आकडा एकटा लिहू नये. ‘१९ फेब्रुवारी १६३० (ज्युलियन), फाल्गुन वद्य ३ शके १५५१, जेधे शकावली’ एवढी एक ओळ लिहिली तर पुढे वाचणाऱ्याला तुमची तारीख स्वतः पडताळता येते. साधन सापडले नसेल तर फक्त वर्ष लिहावे. आधार नसलेल्या नेमक्या तारखेपेक्षा आधार असलेले नुसते वर्ष केव्हाही चांगले.